बढाई इमोजीत नसते

«नवीन नोकरीची पोस्ट म्हणजे शुद्ध बढाई. टाकायचीच असेल तर इमोजी एकही नको, पोरकट दिसतं. सुरुवात ‘कळवताना अत्यंत आनंद होत आहे’ अशी करा आणि ‘नम्रपणे’ हा शब्द विसरू नका.»

लिंक्डइनवर नव्या नोकरीची बातमी टाकायची म्हटलं की असा सल्ला ऐकायला मिळतो. आधी त्यातल्या बढाईचं बघू. ‘शेकडो उमेदवारांतून माझी निवड झाली’ या वाक्यात एकही इमोजी नाही, तरी ते खटकतं, कारण त्यात न निवडलेल्यांशी तुलना आहे. ‘सोमवारपासून मी अमुक रुग्णालयात डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून रुजू झाले’ यात ती नाही, ही नुसती बातमी आहे. आणि ‘नम्रपणे सांगते’ म्हटलं की वाचणारा लगेच सावध होतो, आता काहीतरी मोठं ऐकवणार म्हणून.

‘अत्यंत आनंद होत आहे’ची अडचण वेगळी. लिंक्डइनच्या फीडमध्ये लांब पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं उघडावं लागतं. त्या ओळी आनंदातच संपल्या तर तुम्ही काय करणार आहात हे बहुतेकांना कळतच नाही. पद आणि काम पहिल्याच वाक्यात हवं.

इमोजीवरचा आक्षेप अर्धा खरा आहे. रॉकेट, आग आणि ट्रॉफी एका रांगेत आले की पोस्ट जाहिरात वाटते. शिवाय ज्यांना दिसत नाही त्यांना पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर इमोजीचं नावही मोठ्याने वाचतो. पाच रॉकेट म्हणजे कानावर पाच वेळा ‘रॉकेट’, आणि वाक्याच्या मधेच असतील तर अर्थाचा धागाच तुटतो. पण म्हणून एकही नको? दोन-तीन, तेही वाक्याच्या शेवटी, चालतात. आभाराच्या कोरड्या ओळीला त्यांनी थोडी ऊब येते.

उदाहरणादाखल ही पोस्ट घ्या:

सोमवारपासून एका रुग्णालयात डेटा अ‍ॅनालिस्ट म्हणून काम सुरू केलं 🙂
ओपीडीतली वाट पाहण्याची वेळ कमी करणाऱ्या टीममध्ये आहे. आधीच्या ऑफिसात माझ्या चुकलेल्या क्वेरी न कंटाळता तपासून देणाऱ्या सहकाऱ्यांचे मनापासून आभार 🙏
एक प्रश्न: तुमच्याकडे वेटिंगचा वेळ टोकन घेतल्यापासून मोजतात की नोंदणी झाल्यापासून?

खऱ्या पोस्टमध्ये ‘एका रुग्णालयात’च्या जागी नाव येईल. आभार बघा: ‘सर्व मार्गदर्शकांचे’ असं मोघम नाही, नेमकं काय केलं ते सांगितलंय, त्यामुळे श्रेय आपोआप दुसऱ्याकडे जातं. शेवटच्या प्रश्नाला ‘अभिनंदन’पलीकडचं उत्तर देता येतं, आणि नव्या कामाला ते उपयोगीही पडतं.

पगार, किती ऑफर नाकारल्या, जुना बॉस कसा होता, यातलं काही नको. आणि ऑफर लेटर आलं म्हणून लगेच पोस्टही नको. रुजू झाल्यावर, नव्या कंपनीला चालत असेल तर टाका. तोवर प्रोफाइल बदलताना नेटवर्कला कळवण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर तुमच्याआधी लिंक्डइनच बातमी फोडेल.