गुंठा हजार फुटांचा नसतो

‘सोपं सूत्र, सेव्ह करून ठेवा. १ गुंठा = १ आर = १००० चौ. फूट. ४० गुंठे = १ एकर = ४०,००० चौ. फूट. चौ. मीटरचे चौ. फूट करायचे तर १० ने गुणा. सातबाऱ्यावर १.२० दिसलं की १ एकर २० गुंठे समजा. पुण्यात कुठेही प्लॉट बघा, याच हिशोबाने भाव काढा, कोणी फसवणार नाही.’

गेल्या महिनाभरात हा मेसेज मला तीन नातेवाइकांकडून आला. मी मोजणीची कामं करतो, म्हणून शेवटी ‘बरोबर आहे ना रे?’ असंही विचारलेलं. यात पूर्ण बरोबर गोष्ट एकच आहे, ती म्हणजे एकराचे ४० गुंठे.

गुंठ्यापासून सुरुवात करू. ३३ फुटी साखळीने मोजलेला ३३ बाय ३३ फुटांचा चौरस म्हणजे गुंठा, म्हणजे १०८९ चौरस फूट. त्याची चाळीसपट केली की ४३,५६० येतात, आणि एकर तेवढ्याच चौरस फुटांचा असतो. हजाराचा गुंठा धरला तर एकरामागे ३,५६० चौरस फूट, म्हणजे सव्वातीन गुंठ्यांहून जास्त जमीन हिशोबातून गायब होते. गोल आकडा तोंडात बसतो हे खरं, पण वाघोली किंवा मुळशीकडे गुंठ्याला लाखांत भाव बोलला जातो, तिथे असा गोलपणा परवडत नाही.

आर आणि गुंठा यांच्या बाबतीत मेसेज लिहिणाऱ्यावर मी फार रागावणार नाही, कारण दोन्ही जवळजवळ सारखे आहेत. आर म्हणजे १०० चौरस मीटर, गुंठा म्हणजे १०१.१७. दोन गुंठ्यांच्या प्लॉटला हा फरक २५ चौरस फुटांचा पडतो. एकरभर जमिनीला मात्र ४० आर धरले तर ४७ चौरस मीटर, म्हणजे जवळपास अर्धा गुंठा कमी भरतो. गप्पांत चालेल, खरेदीखतात नाही.

चौरस मीटरला १० ने गुणायचं प्रकरण जास्त महागात जातं. एक मीटर म्हणजे ३.२८०८ फूट. चौरस मीटरला लांबी आणि रुंदी दोन्ही असल्यामुळे ३.२८०८ दोनदा गुणावे लागतात आणि येतात १०.७६४. (याच्या उलट चूक करणारेही भेटतात. ते चौरस फुटांना नुसत्या ३.२८ ने भागून दोन गुंठ्यांचे ६६४ चौरस मीटर करून दाखवतात. खरे येतात २०२.)

आता दोन प्लॉट समोर ठेवू. भाव उदाहरणापुरते घेतले आहेत. पहिला: एजंट म्हणतो, ‘दोन गुंठे, बारा लाख गुंठा.’ एकूण २४ लाख. दुसरा बिनशेती प्लॉट: कागदावर २०० चौरस मीटर, भाव १,१२० रुपये चौरस फूट. मेसेजच्या सूत्राने दोन्ही प्लॉट २,००० चौरस फुटांचे ठरतात. पहिल्याचा भाव १,२०० पडतो, दुसऱ्याची किंमत २२ लाख ४० हजार होते, म्हणजे दुसरा स्वस्त.

खरा हिशोब असा. पहिला प्लॉट २,१७८ चौरस फुटांचा, भाव पडला साधारण १,१०२ रुपये. दुसरा २०० गुणिले १०.७६४, म्हणजे २,१५३ चौरस फूट, आणि १,१२० च्या भावाने त्याचे होतात २४ लाख ११ हजार. म्हणजे जो स्वस्त वाटत होता तो महाग निघाला, शिवाय मनात धरलेल्या रकमेपेक्षा जवळपास पावणेदोन लाख जास्त मोजावे लागणार ते वेगळेच.

माझी सवय अशी की सगळं चौरस मीटरवर आणायचं, कारण मिळकत पत्रिका आणि पुण्यातल्या प्लॉटचे रेडी रेकनरचे सरकारी दर चौरस मीटरमध्येच असतात. पहिला प्लॉट चौरस मीटरला ११,८६१ रुपयांना पडतो, दुसरा १२,०५६ रुपयांना. एक मात्र लक्षात ठेवायचं: चौरस फुटांचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये आणताना १०.७६४ ने भागायचं, पण चौरस फुटाचा भाव चौरस मीटरचा करताना त्याच आकड्याने गुणायचं. घाईत हे उलटं झालं तर भाव शंभराच्या घरात दिसतो, म्हणून चूक लगेच कळते.

सातबाऱ्यावरच्या १.२० चा अर्थ मात्र मेसेजने पार बिघडवला आहे. आजच्या सातबाऱ्यावर शेतजमिनीचं क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटरमध्ये लिहितात. तिथलं १.२० म्हणजे १ हेक्टर २० आर, म्हणजे १२,००० चौरस मीटर. हे भरतात ११८ गुंठ्यांच्या थोडे वर, साधारण दोन एकर साडेअडतीस गुंठे. मेसेज म्हणतो ६०. विकणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला हे ६० कोणी पटवून दिले, तर अर्धं रान फुकट गेलं.

हा घोळ होतो कसा तेही सांगतो. आजोबांच्या काळातल्या खरेदीखतावर एकर-गुंठे असत आणि तेव्हा १.२० म्हणजे खरंच १ एकर २० गुंठे असायचं. तोच आकडा एजंटच्या जाहिरातीत ‘१.२० एकर’ म्हणून येतो तेव्हा तो दशांश असतो, म्हणजे १ एकर ८ गुंठे, एकूण ४८. एकच आकडा, तीन कागद आणि गुंठे मात्र कुठे ११८, कुठे ६० नि कुठे ४८. म्हणून आकड्याआधी रकान्याचं शीर्षक वाचायचं: ‘हे. आर. चौ.मी.’ असेल तर ११८ गुंठ्यांचा अर्थ. आणि एकूण क्षेत्रात पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, किती आहे तेही तिथेच बघून घ्यायचं.

आता ‘कोणी फसवणार नाही’ याबद्दल. रूपांतर अचूक करूनही माणूस फसतो, कारण आधीचाच आकडा खोटा असू शकतो. काही प्लॉटिंगवाले अंतर्गत रस्त्याचा वाटा धरून ‘दोन गुंठे’ म्हणतात. वरचाच पहिला प्लॉट घ्या. दोन गुंठे असतील तर बाजू ३३ बाय ६६ फूट हव्यात. जागेवर टेप लावला आणि खांबापासून खांबापर्यंत ३० बाय ६६ भरले, तर क्षेत्र १,९८० आणि भाव १,२१२. आता पुन्हा दुसरा प्लॉट स्वस्त.

बाजू बरोबर भरल्या तरी कोपरे काटकोनात आहेत का हे बघायचं, नाहीतर त्याच मापात जागा कमी निघते. त्यासाठी दोन्ही कर्ण मोजायचे. ३३ बाय ६६ च्या प्लॉटचा कर्ण ७३ फूट साडेनऊ इंच येतो, आणि दोन्ही कर्ण सारखे यायला हवेत. मागच्या पावसाळ्यात एका प्लॉटवर एक कर्ण ७० भरला, दुसरा ७७ च्या पुढे. प्लॉट तिरका होता आणि ‘दोन गुंठ्यांत’ सतराच्या आसपास चौरस फूट कमी निघाले. गिऱ्हाइकाला मी म्हटलं, आधी भूमी अभिलेखकडून मोजणी करून क प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात घ्या, भावाचं नंतर बोलू.