आधी सात, मग चाळीस

मराठी माणसाला 'सहाशे सत्तेचाळीस' लिहायला सांगा आणि त्याच्या तोंडाकडे नाही, पेनाकडे बघा. 'सहाशे' ऐकलं की पेन ६ लिहून मोकळं होतं. 'सत्ते' ऐकलं की पुढे सरकतं, पण कागदाला टेकत नाही. 'चाळीस' कळेपर्यंत ते अधांतरी. मग आधी ४ उतरतो आणि ज्याचं नाव पहिल्यांदा पुकारलं होतं तो ७ शेवटी. आमच्या सोसायटीचे खजिनदारकाका जुन्या वळणाचे. ते ६ नंतर फट ठेवून ७ आधी लिहितात आणि ४ मागाहून आत सरकवतात. रेल्वेच्या डब्यात चौथी सीट मिळवण्याचा अनुभव त्यांना इथे उपयोगी पडत असावा.

कागदावर हे चालून जातं. लॅपटॉपवर फट ठेवता येत नाही. तिथे अख्खा आकडा ऐकून, डोक्यात फिरवून, मगच बोट लावायचं. आणि आमच्याकडे दर महिन्याला पाण्याच्या बिलांचा जमाखर्च होतो तेव्हा काका पावतीपुस्तक खणखणीत आवाजात वाचतात, माझा भाचा आकडे भरतो, आणि बेरीज जुळेपर्यंत दोघांना एका खोलीत सलोख्याने ठेवणं हे माझं काम. भाचा इंग्रजी माध्यमातला, बोटं चपळ. 'सत्ते' ऐकताक्षणी त्याने ७ दाबलेला असतो. काका चाळीसपर्यंत पोचतात तेव्हा ४ साठी एकच जागा उरलेली असते, आणि ती चुकीची असते.

"काका, तुम्ही आधी सातच म्हणालात!"

"अरे, म्हणजे काय चाळीस-सात म्हणू?"

दोघांचंही बरोबर असतं, हीच पंचाईत.

दोष काकांचा नाही, तो फार वरून चालत आलाय. संस्कृतात सत्तेचाळीस म्हणजे सप्तचत्वारिंशत्, चोवीस म्हणजे चतुर्विंशति. एकक आधी, दशक नंतर. प्राकृतात झिजून झिजून चतुर्विंशतीचा चोवीस झाला, द्वात्रिंशतचा बत्तीस झाला, पण क्रम काही हलला नाही. तसे अकरा-बाराही एककापासूनच सुरू होतात, पण तिथे दशकाच्या जागी १ ठरलेला, त्यामुळे 'चौदा' ऐकून कुणी गडबडत नाही. एकविसापासून दशक बदलायला लागतं आणि कान व हात यांची फारकत सुरू होते.

पण माझी खरी तक्रार संस्कृतबद्दल नाहीच. संस्कृत निदान एका दिशेने तरी चालत होतं. सहाशे सत्तेचाळीस तिथे 'सप्तचत्वारिंशदधिकं षट्शतम्' असा म्हणता येतो, म्हणजे सत्तेचाळीस अधिक असलेले सहाशे. आधी सात, मग चाळीस, मग सहाशे. 'अङ्कानां वामतो गतिः' असं वचनच आहे: ऐकत जा आणि डावीकडे लिहीत जा. पत्त्यात आधी घर क्रमांक, मग गल्ली, मग गाव यावं तसं. मराठीने शतक उचलून पुढे आणलं आणि एकक-दशकाची जोडी होती तशीच ठेवली. आता आधी गाव, मग घर क्रमांक आणि शेवटी गल्ली. असा पत्ता मिळालेला पोस्टमन जे करील तेच माझा भाचा करतो.

एका महिन्यात लॅपटॉपवरची बेरीज पेटीतल्या रोकडीपेक्षा २७ रुपयांनी जास्त आली. काकांनी पहिल्यापासून पुन्हा वाचायची तयारी केली आणि माझ्या पोटात गोळा आला. पण २७ ला ९ ने भाग जातो, आणि शेजारचे दोन अंक उलटे पडले की तफावत नेहमी ९ च्या पटीतच येते. ४७ चे ७४ झाले, तर ७ एककातून दशकात जाऊन ६३ ने फुगला आणि ४ दशकातून एककात येऊन ३६ ने आटला. ६३ वजा ३६, झाले २७. उलट हिशेबही तितकाच सोपा: २७ भागिले ९ म्हणजे ३, म्हणून उलटलेल्या अंकांत तिनाचा फरक असणार. बेरीज जास्त आली आहे, म्हणजे टाइप करताना मोठा अंक पुढे गेला. तेव्हा अख्खी यादी वाचायची गरज नाही. शेवटी ४१, ५२, ६३, ७४, ८५ किंवा ९६ असलेल्या नोंदी तेवढ्या पावतीशी ताडून बघायच्या. ६७४ लगेच सापडला. पावतीवर ६४७.

ही युक्ती एका ठिकाणी लुळी पडते. एका घराचे ४७ चे ७४ झाले आणि दुसऱ्या घराचे ६३ चे ३६, तर बेरीज चोख जुळते. काका खूश, भाचा खूश, आणि पहिल्या घराच्या नावावर २७ रुपये जादा, दुसऱ्याच्या नावावर तेवढेच कमी. पुढच्या महिन्यात दुसरं घर थकबाकीच्या नोटिशीसह दारात. हिशेबात त्रेसष्टाचे छत्तीस झाले की माणसांतही होतात.

२०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' असंही वाचन दिलं. मुलांना जोडाक्षरं आणि उलटा क्रम जड जातो, असं गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर सांगत होत्या. त्यावर महाराष्ट्रात जो गदारोळ झाला त्यात आमचे काकाही आघाडीवर होते. नॉर्वेच्या संसदेने १९५१ मध्ये असाच बदल केला होता. टेलिफोनवर नंबर सांगताना घोटाळे होत होते. पण तिथेही जुनी पद्धत बोलण्यातून पुरती गेलेली नाही, त्यामुळे काकांना मी फार बोलत नाही. मला स्वतःला 'वीस सात' कानाला खडबडीत लागतं. पण पावत्या वाचण्यापुरतं कुणी 'सहा, चार, सात' म्हणालं तर मराठी बुडेल असंही वाटत नाही. काकांना वाटतं. "मी हिशेब वाचतोय, फोन नंबर नाही," असं ते म्हणाले आणि विषय संपला.

परवा तफावत ३७ आली. भाच्याने ९ ने भागून बघितलं आणि हात टेकले.

"मामा, भाग जात नाही."

"दहा बाजूला काढ. यादीत एकोण किती आहेत?"

'एकोणसत्तर' म्हणजे सत्तराला एक कमी. पण 'एकोण' ऐकून ९ आणि 'सत्तर' ऐकून ७ असं जोडलं की ७९ होतात, बरोबर दहाने जास्त. भाच्याने नोंदी चाळल्या. ५७९ निघाला, पावतीवर ५६९. उरलेल्या २७ साठी तो ४१, ५२ करत खाली गेला आणि ३८५ वर थांबला.

"काका, हे तीनशे अठ्ठावन्न होतं ना?"

"अठ्ठावन्नच म्हणालो होतो मी," काका म्हणाले. "आधी आठ, मग पन्नास. आता यात अवघड काय आहे?"