सेप्टिक टाकी भरलेलीच असते. प्रश्न शोषखड्ड्याचा आहे

«संडास आणि न्हाणीघरातून पाणी उलटं यायला लागलं म्हणजे सेप्टिक टाकी भरली, हे समजा. लगेच गाडी बोलवा आणि टाकी तळापर्यंत रिकामी करून धुऊन घ्या. पुन्हा भरू नये म्हणून दर महिन्याला अर्धा किलो गूळ आणि यीस्ट संडासात सोडा. तरीही पाणी जिरत नसेल तर शोषखड्डा आणखी पाच फूट खोल करा. गणपतीआधी हा मेसेज गावातल्या प्रत्येक ग्रुपवर पाठवा.»

सुरुवात ‘भरली’ या शब्दापासून करावी लागेल. सेप्टिक टाकी बांधून वापरायला दिली की काही आठवड्यांतच ती बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीपर्यंत भरते आणि त्यानंतर कायम तेवढीच भरलेली राहते. घरातून जेवढे पाणी आत येते तेवढेच दुसऱ्या टोकाने शोषखड्ड्याकडे जाते. म्हणून झाकण उघडल्यावर पाणी वरपर्यंत दिसले, यावरून काहीच सिद्ध होत नाही. टाकी उपसायला झाली की नाही, हे तळाशी बसलेला गाळ आणि वर तरंगणारी घट्ट साय यांच्या जाडीवरून ठरते. दोन्ही मिळून पाण्याच्या खोलीच्या सुमारे तिसऱ्या भागापर्यंत पोहोचले, की उपसा करण्याची वेळ आली असे समजावे.

ही जाडी घरच्या घरी मोजता येते. लांब बांबूच्या टोकाला दोन-तीन फूट जुना पांढरा टॉवेल घट्ट गुंडाळावा, बांबू हळूच तळापर्यंत टेकवावा, तीन-चार मिनिटे तसाच धरावा आणि सरळ वर काढावा. गाळ जिथपर्यंत असेल तिथपर्यंत टॉवेल काळा झालेला दिसतो. सायीसाठी काठीच्या टोकाला आडवी फळी ठोकून ती सायीखाली नेऊन अलगद वर ओढावी, म्हणजे सायीचा तळ हाताला लागतो. झाकण उघडल्यावर काही वेळ दूर थांबावे, आत वाकून पाहू नये आणि जवळ काडी किंवा विडी पेटवू नये, कारण आतला वायू पेट घेणारा आणि विषारी असतो. ढोबळ मानाने एका माणसामागे वर्षाला सुमारे 40 लिटर गाळ साठतो. सात फूट लांब, चार फूट रुंद आणि चार फूट पाण्याची टाकी म्हणजे जवळपास 3,200 लिटर. चार माणसांच्या घरात तिचा तिसरा भाग भरायला सुमारे साडेसहा वर्षे लागतात. अशा घराने दरवर्षी गाडी बोलावणे हा निव्वळ खर्च आहे. वीस वर्षे झाकण न उघडणे मात्र त्याहून वाईट, कारण तेव्हा गाळ पाण्याबरोबर शोषखड्ड्यात जातो आणि खड्डा कायमचा बंद पाडतो.

आता पाणी उलटे येण्याविषयी. एकाच संडासातून पाणी वर येत असेल आणि बाकी सर्व ठीक असेल, तर दोष त्या एका भांड्याच्या ट्रॅपमध्ये किंवा पाइपात असतो. टाकीचा त्याच्याशी संबंध नाही. फ्लश केल्यावर तळमजल्याच्या न्हाणीघरातील जाळीतून गुळगुळ आवाज येऊन पाणी वर येत असेल, तर मुख्य लाइन तुंबली आहे. ती कुठे तुंबली, हे तीन झाकणे क्रमाने उघडली की समजते. घर आणि टाकी यांच्यामधले चेंबर तुडुंब आहे, पण टाकीतील पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या पातळीवरच आहे, असे दिसले तर अडथळा चेंबर आणि टाकी यांच्यामध्ये आहे. बहुतेक वेळा टाकीत शिरणाऱ्या पाइपाच्या टोकाला T आकाराचा जोड असतो, त्या ‘टी’मध्ये फडके, सॅनिटरी पॅड किंवा घट्ट झालेली साय अडकलेली असते. टाकीतील पाणीही त्या पाइपाच्या वर चढले असेल, तर घोटाळा टाकीच्या पुढे आहे. शोषखड्ड्यात पाइपाच्या खाली मोकळी जागा असेल, तर बाहेर जाणारा ‘टी’ किंवा मधला पाइप बंद झालेला असतो. खड्डाही पाइपाच्या वर भरलेला असेल, तर टाकीला दोष देण्यात अर्थ नाही.

कोकणात पावसाळ्यात हा शेवटचा प्रकारच जास्त दिसतो. दोन वर्षांपूर्वी गुहागर तालुक्यात माझ्या मामेभावाच्या घरी नेमके हेच झाले. घर डोंगराच्या पायथ्याशी, भाताच्या मळ्याच्या काठावर आहे. एरवी तिथे चार माणसे राहतात. गणपतीत मुंबईहून मंडळी आली की अठरा होतात. टाकी वर सांगितलेल्या मापाचीच. गणपतीच्या चार दिवस आधी न्हाणीघरात पाणी वर आले, गाडी बोलावली, टाकी तळापर्यंत रिकामी केली आणि गाडीवाल्याने आता पाच वर्षे बघायला नको असे सांगितले. गाडीची नळी बाहेर काढल्यावर मात्र शोषखड्ड्याकडच्या पाइपातून पाण्याची धार टाकीत उलटी पडताना दिसली. माझ्या मते, गाडी दारात असताना एवढी एकच गोष्ट पाहिली तरी निदान होते. मंडळी आल्यावर तिसऱ्या दिवशी पाणी पुन्हा वर आले. त्याचे गणित सोपे आहे. माणशी 80 लिटर धरले तरी अठरा माणसांचे दिवसाला 1,440 लिटर होतात, आणि 3,200 लिटरची टाकी सव्वादोन दिवसांत भरते. खड्ड्यातून परत आलेले पाणी धरले तर त्याहूनही लवकर.

मी गेलो तेव्हा प्रथम विहिरीत डोकावलो. विहिरीचे पाणी जमिनीपासून दोन फुटांवर होते. शोषखड्डा त्याच पातळीवरच्या अंगणात, आणि त्यात पडणारा पाइप जमिनीखाली अडीच फुटांवर. म्हणजे भूजल पाइपाच्याही अर्धा फूट वर होते. खड्डा बाहेरूनच पाण्यात बुडालेला होता आणि आतले पाणी जिरायला जागाच नव्हती. मे महिन्यात मात्र याच विहिरीचे पाणी चौदा फुटांवर जाते आणि खड्डा व्यवस्थित काम करतो. याच्या उलट, एप्रिल-मे महिन्यात विहीर खोल गेलेली असताना खड्डा काठोकाठ भरलेला राहिला, तर समजावे की त्याच्या भिंतींवर काळा बुळबुळीत थर बसून छिद्रे बुजली आहेत आणि टाकीतून गाळ वाहून गेला आहे. खड्ड्यावरचे गवत हिरवेगार दिसणे ही खूण सर्वत्र सांगितली जाते. आपल्याकडे ती फेब्रुवारी ते मेमध्येच उपयोगी आहे, श्रावणात कोकणात काय हिरवे नसते!

टाकी तळापर्यंत रिकामी करण्याचा सल्ला भर पावसात धोक्याचाही आहे. भूजल वर असताना रिकाम्या टाकीला खालून तेच पाणी उचलते. तयार प्लॅस्टिकची हलकी टाकी यामुळे चक्क वर उचलली जाते आणि पाइप तुटतात. चिऱ्याची जड टाकी तरंगत नाही, पण तिच्या तळाच्या काँक्रीटला तडे जातात आणि सांध्यांतून पाणी आत झिरपू लागते. उपसल्यानंतर रात्रभर वापर बंद ठेवून आणि बाहेर जाणारा पाइप बुचाने बंद करूनही सकाळी पाणी वाढलेले दिसले, तर टाकी गळकी आहे. धुण्यासाठी माणूस आत उतरवणे तर कोणत्याही ऋतूत नको. त्यात क्षणात जीव जातो, आणि संरक्षक साधनांविना माणसाला सेप्टिक टाकीत उतरवण्यास 2013च्या कायद्याने बंदी आहे. तळ खरवडण्याची गरजही नसते.

गूळ आणि यीस्ट यांबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. टाकीत लागणारे जिवाणू प्रत्येक फ्लशबरोबर आपोआप येतात. साठलेला गाळ म्हणजे त्यांनी पचवून उरलेला भाग, शिवाय वाळू, केस आणि प्लॅस्टिक. गुळाने यातले काहीच विरघळत नाही. उलट आंबण्याने बुडबुडे उठले, तर गाळ वर ढवळून खड्ड्याकडे जाण्याचीच शक्यता वाढते.

खड्डा आणखी खोल करणे हा त्या घरात सर्वांत चुकीचा उपाय ठरला असता. वरचे सहा फूट पाण्यात बुडालेले असताना खालचे पाच फूट त्याच पाण्यात आणखी खाली गेले असते, आणि मैल्याचे पाणी विहिरीच्या पाण्याशी अधिक सहज मिसळले असते. आम्ही त्या गणपतीत तीन गोष्टी केल्या. न्हाणीघर आणि मोरी यांचे पाणी वेगळ्या पाइपाने पोफळींच्या आळ्यांत सोडले. त्यामुळे टाकीत फक्त संडासाचे, बादलीने मोजून ओतलेले, दिवसाला सुमारे 450 लिटर पाणी उरले. गाडी पुन्हा बोलावून फक्त वरचे दोनतृतीयांश पाणी काढले आणि तळाचे वजन तसेच ठेवले. शेवटी शोषखड्ड्याकडचा पाइप रबरी बुचाने बंद केला. मोकळ्या झालेल्या 2,100 लिटरांत साडेचार दिवस निघाले. पाच दिवसांचा गणपती होता, विसर्जनाच्या दुपारी मंडळी एसटीत बसली आणि टाकी पाइपाच्या जेमतेम खाली होती.

कायमचा उपाय पाऊस संपल्यावर केला. गडग्यापलीकडच्या उंच वाफ्यात, विहिरीपासून लांबच्या बाजूला, एक फूट लांबी-रुंदीचा खड्डा खणून रात्रभर पाण्याने भिजवला आणि पाणी एक इंच उतरायला किती वेळ लागतो ते पाहिले: बावीस मिनिटे लागली. सेप्टिक टाकीसाठी असलेल्या भारतीय मानक 2470नुसार हा वेळ एका तासाच्या वर गेला, तर जमिनीत पाणी जिरवण्याचा विचार सोडावा लागतो. तिथे दोन फूट खोल, तीस फूट लांबीचा खडी भरलेला चर केला. टाकीच्या पुढे छोटे चेंबर बांधून त्यात सांडपाण्याचा लहान पंप बसवला. वीज गेली की पंप थांबतो. तेव्हा टाकीच्या वरच्या एक फूट मोकळ्या जागेत 790 लिटर मावतात, म्हणजे चार माणसांना दोन दिवस चिंता नाही. जुना शोषखड्डा बुजवला नाही. त्याच्या पाइपावर व्हॉल्व्ह आहे. तो जूनच्या सुरुवातीला बंद होतो आणि दिवाळीनंतर विहिरीचे पाणी दहा फुटांखाली गेले की उघडला जातो.