याईराची मुलगी किती वर्षांची होती, हे मार्क शेवटी का सांगतो?

जय ख्रिस्त मंडळी. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

गेल्या महिन्यात उपासना संपल्यावर दारात हात मिळवताना आमच्या एका ज्येष्ठ पंचांनी मला थांबवलं. गेली कित्येक वर्षं ते दर रविवारी वही घेऊन बसतात आणि उपदेशाचे मुद्दे १, २, ३ असे लिहून घेतात. म्हणाले, "पाळकसाहेब, आज मुद्दे कुठे होते?" मी म्हटलं, नव्हते. त्यांना राग आला नाही, पण गोंधळ झाला खरा. गोष्टीवरचा उपदेश मुद्द्यांत न तोडता गोष्टीसारखाच का सांगायचा, हे त्या गोंधळाला उत्तर म्हणून इथे लिहितोय.

त्या रविवारी शास्त्रभाग होता मार्क ५:२१-४३. याईर, त्याची मुलगी आणि मध्येच येणारी ती रक्तस्राव झालेली बाई. याच भागावर मी दहा वर्षांपूर्वी उपदेश केला होता. त्याचा कागद अजून आहे माझ्याकडे. विश्वासाची विनंती, विश्वासाची वाट, विश्वासाचा विजय. तीनही 'व' जुळले म्हणून शनिवारी रात्री मी स्वतःवर बेहद्द खूश होतो. आज तो कागद बघितला की लक्षात येतं, पहिल्या पाच मिनिटांतच मी सांगून टाकलं होतं की देव उशीर करत नाही, तो योग्य वेळी येतो. पुढची वीस मिनिटं मंडळी ठाऊक असलेल्या उत्तराचा पुरावा ऐकत बसली होती.

मार्क तसं सांगत नाही. तो काय करतो ते जरा सावकाश बघू.

येशू तारवातून उतरतो, किनाऱ्यावर गर्दी जमते. सभास्थानाचा एक अधिकारी येऊन पाया पडतो: माझी लहान मुलगी मरायला टेकली आहे, चला, तिच्यावर हात ठेवा. येशू निघतो. आता ऐकणाऱ्याच्या मनात एकच गोष्ट असते, पाय उचला. आणि नेमकी इथे गर्दीतून ती बाई येते.

मूळ ग्रीकमध्ये या बाईची ओळख एका लांबलचक वाक्यात आहे. विशेषणामागून विशेषण येतं आणि मुख्य क्रियापद पार शेवटी. इंग्रजी भाषांतरांना हे वाक्य तोडावं लागतं. आपल्या मराठीला नाही, कारण आपलं क्रियापद तसंही शेवटीच असतं. मी ते मोठ्याने असं म्हटलं: बारा वर्षं रक्तस्राव सोसत असलेली, पुष्कळ वैद्यांच्या हातून हाल झालेली, होतं नव्हतं ते सगळं खर्चून बसलेली, गुण येण्याऐवजी उलट खालावत गेलेली, येशूबद्दल ऐकून गर्दीत त्याच्या मागे आलेली ती बाई त्याच्या वस्त्राला शिवली.

"शिवली" या शब्दावर मी थांबलो. इथे बहुतेक उपदेशक लेवीय १५ उघडतात आणि दहा मिनिटं अशुद्धतेचे नियम समजावतात. काही जण तर तिला दगडमार झाली असती असंही ठोकून देतात, जे त्या अध्यायात कुठेच नाही. मार्क स्वतः तो विषय काढत नाही. आणि मराठी मंडळीत "शिवणे" या शब्दाचं ओझं कुणाला समजावून द्यायला लागतं? ज्या घरात "बाहेरची" आणि "कावळा शिवला" हे शब्द वावरले, तिथल्या बायकांना तो शब्द कळतो. समोरच्या बाकांवर दोन-तीन जणींनी पदर सावरला, तेवढं मला पुरे होतं.

मग येशू थांबतो. कोण शिवलं मला? शिष्य म्हणतात, एवढी गर्दी चेंगरतेय आणि विचारता कोण शिवलं? तरी तो बघतच राहतो. बाई थरथरत पुढे येते आणि, मार्कचे शब्द नीट बघा, सगळं खरंखरं सांगते. बारा वर्षांचं सगळं. त्याला किती वेळ लागला असेल? आणि याईर कुठे आहे? तिथेच. किनाऱ्यावरच्या त्या विनंतीनंतर मार्कने याईराच्या तोंडी एक शब्द घातलेला नाही. मी बाईची हकिगत सांगत असताना दोनदा फक्त एवढंच म्हटलं: याईर उभा आहे.

येशू तिला "मुली" म्हणून हाक मारतो, शांतीने जा म्हणतो. आणि तो बोलतोय तेवढ्यात घरून माणसं येतात: तुमची मुलगी गेली, आता गुरुजींना कशाला त्रास? "मुली" आणि "तुमची मुलगी" यांच्यात एका वाक्याचंही अंतर नाही. एका बापाच्या देखत दुसऱ्याच एका बाईला "मुली" म्हटलं गेलं आणि त्याची स्वतःची गेली. मी इथे गप्प राहिलो. मनात दहा आकडे मोजले. मागच्या बाकावरून कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. मंडळीतल्या सगळ्यांना पुढे काय होतं ते संडे स्कूलपासून पाठ आहे, तरी म्हणालं.

गोष्ट माहीत असेल तर उत्सुकता कशी राहील, असं मला नेहमी विचारतात. कीर्तनाला जाणाऱ्यांना विचारा. आख्यानातला शेवट कुणाला माहीत नसतो? तरी बुवा रंगात आले की लोक पुढे सरकतात. शेवट कळण्यासाठी कुणी बसत नाही. त्या माणसाबरोबर त्या जागी उभं राहायला मिळतं म्हणून बसतात. (नारदीय कीर्तनात पूर्वरंगात आधी सिद्धांत येतो आणि मग उत्तररंगात आख्यान, त्यामुळे कीर्तन सरसकट माझ्या बाजूचं आहे असा दावा मी करत नाही. पण एकदा आख्यान सुरू झालं की चांगले बुवा मध्येच "यावरून मुद्दा क्रमांक दोन" म्हणत नाहीत. ना. वा. टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनं केली तो वारसा आपण महोत्सवापुरता ठेवलाय, हे वेगळं दुखणं.)

आता मुद्दा. तो या उपदेशात होता, पण इथे आला, पंचविसाव्या मिनिटाला नाही तर साधारण सोळाव्या मिनिटाला, जेव्हा येशू त्या बापाला म्हणतो: भिऊ नकोस, विश्वास मात्र धर. सुरुवातीला हे वाक्य भिंतीवरच्या कॅलेंडरवर छापता येईल असं असतं. उशिरामुळे मुलगी गेली हे कळल्यावर ते जवळजवळ उद्धट वाटतं. आणि येशू उशिराचं कारण देत नाही, हेही लक्षात घ्या. "देव उशीर करत नाही" हे माझं दहा वर्षांपूर्वीचं वाक्य त्या जागी उभं राहून याईराला सांगायची माझी हिंमत झाली नसती. म्हणून ते कापलं. त्याऐवजी एवढंच म्हटलं की विश्वास म्हणजे काय ते याईराने नुकतंच डोळ्यांनी बघितलंय, ती बाई अजून तिथेच उभी असेल.

मग घर, रडारड, हसणारे लोक, तलीथा कूम. मुलगी उठून चालू लागते. आणि तेव्हा, अगदी तेव्हाच, मार्क सांगतो: ती बारा वर्षांची होती.

लूक हेच वय सुरुवातीला, याईराच्या विनंतीबरोबरच देऊन टाकतो. मत्तयात मुलगी किती वर्षांची तेच येत नाही, आणि तिथे बाप येतो तेव्हा ती मेलेलीच असते, त्यामुळे उशिराचा ताणच नाही. तिघांची गोष्ट एकच, घडण वेगळी. मार्कवर बोलायचं असेल तर "बारा" शेवटपर्यंत दाबून ठेवायचं. ते वर्ष आलं की ऐकणारा स्वतःच मागे जाऊन जोडतो: ज्या वर्षी हिचा जन्म, त्याच वर्षी तिचं दुखणं सुरू. त्याचा अर्थ मी सांगितला नाही. पंचांच्या वहीत त्या दिवशी फक्त "१२ - १२?" एवढंच होतं, त्यांनी मला दाखवलं.

शेवटी येशू सांगतो, तिला खायला द्या. तिथेच आमेन.

ही पद्धत माझी नाही. अमेरिकेत उपदेशकला शिकवणारे फ्रेड क्रॅडॉक यांनी १९७१ पासून हेच मांडलं, की निष्कर्ष आधी सांगून मग सिद्ध करण्यापेक्षा ऐकणाऱ्याला त्या निष्कर्षापर्यंत चालत येऊ द्या. तिथलेच युजीन लॉवरी यांनी १९८० मध्ये उपदेशाला कथानक असतं असं म्हणत त्याच्या पायऱ्याच मांडल्या: आधी घडी विस्कटते, मग गुंता वाढतो, मग उलगड्याची किल्ली सापडते.

पण मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा सपशेल आपटलो, तेही सांगायला हवं. याईराची बायको उंबऱ्यात बसून रडतेय, दिवा मालवत चाललाय, असलं बरंच रंगवलं. आवाजही बदलला. नंतर एका आजीबाईंनी शांतपणे विचारलं, "हे कुठं लिवलंय?" कुठेच नव्हतं. तेव्हापासून नियम एकच: जे लिहिलंय त्यातच थांबायचं, फार तर "लागला असेल" इतपत. दुसरी चूक, शेवटी भीती वाटून "तर प्रियांनो, यावरून आपण तीन गोष्टी शिकतो" असं बोलून गेलो. बांधलेलं सगळं एका वाक्यात मोडलं.

आणखी एक व्यवहारातली अडचण. उपदेशाआधी शास्त्रवाचन होतं आणि त्यात शेवट वाचला जातो. यावेळी मी वाचकाला २४ व्या वचनाला थांबायला सांगितलं. पुढचं मीच उपदेशात तुकड्या-तुकड्यांनी वाचलं. आणि कृपा करून एका रविवारी बाई, दुसऱ्या रविवारी याईर असं तोडू नका. मार्कने मुद्दाम एकात एक घातलंय, जशी पुढे अंजिराच्या झाडाच्या गोष्टीमध्ये मंदिराची गोष्ट घातलीय तसं.

सगळीकडे हे चालत नाही. रोमकरांस पत्र म्हणजे युक्तिवाद आहे, तिथे मुद्दे हवेतच, पंचांनी खुशाल वही उघडावी. पण पुढच्या महिन्यात महिला मंडळासाठी रूथ आहे. तिसऱ्या अध्यायातली खळ्यावरची ती रात्र त्यांच्यासमोर गोष्ट म्हणून, काही न गाळता कशी सांगायची, यावर मी आठवडाभर अडकलोय. कुणी सांगितली असेल तर कमेंटमध्ये लिहा.