३ नंतर पैसे टाकले की युनिट कमी? त्या फॉरवर्डचं जरा बघू

"दुपारी ३ नंतर म्युच्युअल फंड घेतला तर कंपनी मुद्दाम दुसऱ्या दिवसाचा महाग भाव लावते अन् युनिट कमी देते. ३ च्या आत पेमेंट करा, स्क्रीनवर दिसतो तोच भाव मिळतो. सगळ्या ग्रुपवर पाठवा."

आधी "स्क्रीनवरचा भाव" घेऊ, कारण खरा घोळ तिथंच आहे. दुपारी ॲपवर जी एनएव्ही, म्हणजे एका युनिटचा भाव, दिसते ती आदल्या दिवसाची असते. आजची एनएव्ही बाजार बंद झाल्यावर फंडाकडच्या सगळ्या शेअर्सचा हिशोब लावून निघते, म्हणजे रात्रीच कळते. त्यामुळे इक्विटी फंडात ३ च्या आत घेतलं तरी दिसणारा भाव मिळतच नाही भो, आजचा मिळतो, अन् तो त्या वेळी कोणालाच माहीत नसतो, कंपनीलाही नाही.

"महाग भाव मुद्दाम लावतात" हे पण तसंच. ३ नंतर घेतलं तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाचा भाव, हा सेबीचा, म्हणजे बाजारावर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे अन् सगळ्या फंड कंपन्यांना सारखाच आहे. पुढच्या दिवशी बाजार चढला तर युनिट कमी येतील, पडला तर जास्त येतील, यात कंपनीच्या हातात काय आहे? उलट जुना भाव दिला असता तर संध्याकाळी चांगली बातमी आली की लोकांनी स्वस्तात घुसून आधीच्या गुंतवणूकदारांचा वाटा खाल्ला असता, ३ ची ही वेळमर्यादा, म्हणजे कट-ऑफ, त्यासाठीच आहे.

आता "३ च्या आत पेमेंट करा". हे अर्धं बरोबर आहे अन् नुकसान याच अर्ध्यानं होतं. फेब्रुवारी २०२१ पासून रक्कम लहान असो की मोठी, नुसती ऑर्डर ३ च्या आत टाकून भागत नाही, पैसे पण ३ च्या आत फंडाच्या खात्यात पोचायला लागतात. तुमच्या बँकेचा डेबिटचा मेसेज म्हणजे पैसे तुमच्याकडून निघाले एवढंच, मधे पेमेंट गेटवे अन् एक्सचेंजचा प्लॅटफॉर्म असतो, म्हणून बरेच ॲप स्वतःची वेळ ३ च्या आधीचीच ठेवतात. एसआयपीत ५ तारखेला पैसे कटून ६ चा भाव लागतो तो पण बहुतेक वेळा याच कारणानं.

भुसावळच्या माझ्या शालकाचंच घ्या. शुक्रवारी २.५० ला त्यानं नेटबँकिंगनं २०,००० टाकले. स्क्रीनवर गुरुवारची ८४.२१७० दिसत होती, यानं मोबाईलवर भागाकार करून २३७.४८२ युनिट मनात धरून ठेवले. स्टेटमेंट आलं तर २३९.०६८. आकडा जुळेना म्हणून फोन. (जास्त आले तरी तक्रार, बरं का.) पैसे फंडाकडे ३ नंतर पोचले होते, शनिवार-रविवार सुट्टी, म्हणून सोमवारची एनएव्ही लागली, ८३.६५४०. २०,००० मधून ०.००५ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे १ रुपया गेला, उरले १९,९९९, भागिले ८३.६५४०, बरोब्बर २३९.०६८. शुक्रवारची एनएव्ही होती ८४.९२००, ती लागली असती तर २३५.५०४ आले असते. म्हणजे उशीर त्याला फायद्याचा पडला, पण सोमवारी बाजार चढला असता तर त्याच उशिरानं युनिट कमी झाले असते.

तुम्हाला तपासायचं असेल तर स्टेटमेंटमधली तारीख, एनएव्ही अन् स्टॅम्प ड्युटीची वेगळी ओळ बघा, मग amfiindia.com वर त्या तारखेची एनएव्ही काढा. इथं लोक हमखास गंडतात, फंड तोच पण थेट घेतलेल्या डायरेक्टच्या जागी एजंटमार्फतचा रेग्युलर किंवा ग्रोथच्या जागी आयडीसीडब्ल्यू, म्हणजे मधेमधे पैसे वाटणारा पर्याय, बघतात, एनएव्ही वेगळी निघते अन् मग "फसवलं" म्हणून बोंब. तिसऱ्या दशांशात थोडा फरक आला तर तो राउंडिंगचा, सोडून द्या.

लिक्विड अन् ओव्हरनाइट फंडांचं गणित वेगळं आहे, तिथं कट-ऑफ दीडचा असतो अन् पैसे त्याआधी पोचले तर आदल्या दिवसाची एनएव्ही लागते. ते इथं मिसळू नका.

भांडायची जागा एकच: ऑर्डर अन् पैसे दोन्ही ३ च्या आत पोचले अन् तरी पुढच्या दिवसाचा भाव लागला. तेव्हा ऑर्डरची वेळ अन् बँकेचा यूटीआर नंबर, म्हणजे त्या व्यवहाराचा ओळख क्रमांक, देऊन फंड कंपनीला लेखी विचारा की पैसे तुमच्या खात्यात किती वाजता आले. वेळ ३ च्या आतली निघाली तर युनिट दुरुस्त करून मागा, टाळाटाळ केली तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार टाका, अन् तिथं डेबिटच्या मेसेजचा स्क्रीनशॉट नाही, कंपनीचं ते वेळेचं उत्तर जोडा.