मंजूर रजा परत करताना

"ताई, 9 ते 20 अशी माझी दहा दिवसांची रजा मॅनेजरनी महिन्यापूर्वीच मंजूर केली आहे. ती मिळावी म्हणून ते क्लायंटशीही भांडले होते. आता डेटा मायग्रेशनची दुसरी रंगीत तालीम फसली. सगळी रजा मागे घ्यावी म्हणतो, पण त्यांना वाईट वाटायला नको आणि पुढच्या वेळी रजा मागायला तोंड राहिलं पाहिजे. मेल कसा लिहू?"

मावसभावाचा हा निरोप मला जर्मनीत सोमवारी रात्री मिळाला. मेल आत्ता नको, आधी मॅनेजरना फोन कर, एवढं मी लगेच कळवलं. बाकीचं लिहायला दोन दिवस लागले, कारण या एका प्रश्नात माझी अकरा वर्षं आणि त्याची तीन वर्षं समोरासमोर आली.

मी इथं सात जणांची टीम सांभाळते. म्हणजे रजा मंजूर करणाऱ्या खुर्चीत बसते. त्या खुर्चीतून दिसतं ते त्याला आधी सांगावंसं वाटलं. एखाद्याची दहा दिवसांची रजा मंजूर करताना मी फक्त एक बटण दाबत नाही. त्याचं काम कुणाकडे द्यायचं ते ठरवते, त्याच आठवड्यात रजा मागणाऱ्या दुसऱ्याला थांबवते, रात्रीच्या फोनची पाळी बदलते आणि क्लायंटला सांगून ठेवते. रजा मागे आली की हे सगळं मला उलट फिरवावं लागतं. म्हणून "मी येतो, काळजी करू नका" एवढाच मेल आला तर मला बरं वाटतं आणि कामही वाढतं. माझं मन सांभाळायचं असेल, तर येणाऱ्यानं सोबत दिवसांचा हिशेब आणावा.

त्या फोनआधी भावाला मी एकच गोष्ट कागदावर लिहायला लावली. तू नसलास तर नेमकं काय अडेल, आणि कुठल्या तारखेपर्यंत? आधी म्हणाला, सगळंच अडेल. मग खोदून विचारल्यावर कळलं की जुन्या आणि नव्या यंत्रणेतल्या नोंदींची संख्या आणि रकमांची बेरीज जुळवणारी स्क्रिप्ट त्यानं लिहिली आहे आणि तालमीत तीच जुळत नव्हती. तिसरी तालीम 11 तारखेला आहे. खरी अदलाबदल 14 च्या रात्री. त्यानंतर सोमवार, मंगळवार रोजची जुळवणी पाहायची, म्हणजे 17 पर्यंत. 18 पासून जे उरतं ते त्याची सहकारी करू शकते, कारण स्क्रिप्ट कशी चालवायची हे तिला येतं. फक्त चूक निघाली तर कुठं शोधायचं हे येत नाही, आणि ते त्या आठवड्यात शेजारी बसवून शिकवता येईल.

म्हणजे दहापैकी सातच कामाचे दिवस सोडायचे होते. तीन शिल्लक होते आणि तो ते उगाच परत करायला निघाला होता.

मग वाटलं, 18 पासून पुढं सलग दहा दिवस सरकवावेत. पण त्याच सहकारीची रजा 25 पासून आधीच मंजूर आहे. तिची रजा हलवायला सांगणं म्हणजे आपली अडचण तिच्या माथी मारणं. म्हणून 18 ते 24 असे पाच दिवस आत्ता, आणि उरलेल्या पाच दिवसांसाठी पुढचा एक ठरावीक आठवडा, तारखेसह. "नंतर कधीतरी बघू" असं म्हणायचं नाही. नंतर कधीतरीची रजा मी कुणालाच मिळालेली पाहिलेली नाही.

इथं आमच्याकडे कायदा माझ्यासारख्या टीमप्रमुखाचे हात बांधतो. 1963 चा संघीय रजा कायदा वर्षाला किमान चार आठवडे रजा देतो आणि एकदा मंजूर केलेली रजा मालकाला एकतर्फी मागे घेता येत नाही. संघीय कामगार न्यायालयानं 2000 साली तर असंही ठरवलं की बोलावल्यास रजेवरून परत येईन असं कर्मचाऱ्यानं आधी मान्य केलं असलं, तरी कायद्यानं मिळणाऱ्या रजेपुरता तो करार चालत नाही. त्यामुळे अडचण आली तर मला जाऊन विचारावं लागतं: तू दोन दिवस उशिरा जाशील का? तो हो म्हणाला तर बुडालेल्या तिकिटाचे पैसे कोण भरणार आणि दिवस कधी परत मिळणार, हे त्याच बैठकीत ठरतं. मी मागितलं, म्हणून माझ्यावर देणं राहतं. ते मला आठवतं आणि त्यालाही.

भावाच्या ऑफिसात मागायची वेळच येत नाही. मॅनेजरनं तोंड उघडायच्या आत कर्मचारी रजा पुढं करतो. न मागता मिळालेल्या गोष्टीची नोंद कुणाच्याच डोक्यात राहत नाही. त्यात मॅनेजर वाईट असतो असं मुळीच नाही. त्यानं मागितलंच नव्हतं, मग त्याला देणं कसं वाटेल? आपल्याकडच्या तरुणांची "एवढं केलं तरी किंमत नाही" ही खंत मला पटते, पण किंमत सांगायची वेळ ते स्वतःच घालवतात, असं मला आता ठामपणे वाटतं.

माझ्या टीममधला एक जण कामगार प्रतिनिधी मंडळावर निवडून आलेला आहे आणि रजेचे नियम त्याला तोंडपाठ. त्याला हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "त्यानं जावं रजेवर. एका माणसावर प्रोजेक्ट अडतो, हा दोष आखणीचा आहे, त्याचा नाही." पहिलं वाक्य मला मान्य नाही, दुसरं पूर्ण मान्य आहे. तालमीचा निकाल पाहून आपणहून थांबावंसं वाटणं ही कामाबद्दलची आस्था आहे, आणि ती मला इथंही भेटते. आमचा वाद मिटला नाही.

बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांना वाटलं, साहेबांनीच रजा रद्द केली. केंद्र सरकारच्या नोकरीत त्यांची हयात गेली. "रजा हा हक्क म्हणून मागता येत नाही, हे 1972 च्या नियमातच लिहिलंय," ते म्हणाले, आणि एकदा ते गावी असताना कसे परत बोलावले गेले ते सांगत बसले. ऐकताना एक गोष्ट मात्र कानात राहिली. त्याच नियमांत, रजा संपायच्या आत परत बोलावलं तर कामावर यायला निघाल्यापासूनच कर्मचारी ड्यूटीवर धरला जातो आणि प्रवासभत्ता मिळतो. हक्क नाही असं म्हणणाऱ्या व्यवस्थेनंसुद्धा बोलावण्याची भरपाई लिहून ठेवली होती.

भावाच्या मित्रानं त्याला वेगळीच भीती घातली: मागे घेतलेली रजा बुडते. हे अर्धं खरं आहे. महाराष्ट्राचा 2017 चा दुकाने व आस्थापना कायदा जिथं लागू आहे तिथं कामगाराची अर्जित रजा 45 दिवसांपर्यंत साठते. नैमित्तिक आठ दिवस मात्र वर्ष संपलं की जातात. तेव्हा अर्ज कोणत्या खात्यातून केला होता ते आधी पाहायचं. नैमित्तिक दिवस त्यात असतील तर ते 18 ते 24 मध्येच वापरून टाकायचे आणि अर्जित मागे ठेवायची. कंपनीचे स्वतःचे नियम त्यावर असतात, ते वेगळे वाचावे लागतात.

आता फोनवर काय बोलायचं. मी त्याला ही वाक्यं दिली: "सर, माझ्या रजेसाठी तुम्ही क्लायंटशी बोललात ते मला माहीत आहे. जुळवणी 17 पर्यंत माझ्याशिवाय अवघड दिसते. तुम्हाला योग्य वाटत असेल तर मी 17 पर्यंत थांबतो, 18 ते 24 जातो आणि उरलेले पाच दिवस अमुक तारखेच्या आठवड्यात घेतो. तुम्ही काही वेगळं ठरवलं असेल तर तसं करू." शेवटचं वाक्य शिष्टाचारापुरतं नाही. त्यांनी कदाचित दुसरा माणूस आधीच मिळवला असेल, आणि मग आपली रजा मागे घेणं म्हणजे त्यांच्या व्यवस्थेवर अविश्वास दाखवल्यासारखं होतं. घरच्यांचा केवढा हिरमोड झाला हे मात्र या फोनवर सांगू नये. ऐकणाऱ्याला अपराधी वाटतं, आणि अपराधी वाटलेला माणूस पुढच्या वेळी आपल्याला टाळतो.

ते हो म्हणाले की त्याच दिवशी चार ओळींचा मेल: आपल्या बोलण्याप्रमाणे, कामाच्या गरजेमुळे, या तारखा अशा बदलल्या. "कामाच्या गरजेमुळे" हे शब्द हवेतच. तिकिटाच्या नुकसानीचा अर्ज पुढं केला तर आधार तेवढाच असतो. तिकीटही हा मेल जाईपर्यंत रद्द करायचं नाही.

रजेच्या यंत्रणेत सगळ्यात शेवटी हात घालायचा. मंजूर अर्जातले मधले काही दिवस काढायची सोय पुष्कळ ठिकाणी नसते. अख्खा अर्ज रद्द करून नवा भरावा लागतो, आणि रद्द करण्यालाही मंजुरी लागते. ती मिळेपर्यंत दिवस खात्यात परत येत नाहीत, त्यामुळे रजा शिल्लक नाही म्हणून नवा अर्ज अडू शकतो. माझ्या पहिल्या नोकरीत माझी रद्द करण्याची विनंती कुणी उघडलीच नाही. मी रोज कामावर होते आणि कागदोपत्री रजेवर. पगारानंतर ते सहा दिवस परत मिळवायला दोन महिने गेले. म्हणून मॅनेजर जागेवर असतानाच रद्द करायचं, त्यांना लगेच मंजूर करायला सांगायचं, खात्यातली शिल्लक वाढली का ते पाहायचं आणि मग नवा अर्ज भरायचा. मेलवरचं रजेचं आपोआप जाणारं उत्तर, कॅलेंडर आणि रात्रीची पाळी हेही त्याच वेळी बदलायचं.

आठवड्याला 70 तास काम करावं या नारायण मूर्तींच्या 2023 च्या वक्तव्यापासून घरच्या गटांवर जो वाद चालू आहे, त्यात एक बाजू निष्ठा म्हणते, दुसरी शोषण. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क मागणारं खासगी विधेयक 2018 मध्येच लोकसभेत मांडलं गेलं होतं. तो हक्क मिळावा असं मला मनापासून वाटतं. पण माझ्या भावाचा प्रश्न या दोन्ही बाजूंच्या मधे पडतो. त्याला कुणी अडवलं नव्हतं, तो स्वतः थांबत होता. अशा माणसासाठी कायदा आला तरी तारखा त्यालाच मांडाव्या लागणार.

काल त्याचा निरोप आला. मॅनेजर म्हणाले, 17 पर्यंत थांब, उरलेले पाच दिवस पक्के. 18 ते 24 यंत्रणेत दिसतात, शिल्लकही बरोबर आहे. तिकिटाच्या पैशांचं एचआरला विचारतो, असं म्हणाले, उत्तर अजून नाही. पुढच्या पाच दिवसांचा अर्ज मात्र त्यानं अजून टाकलेला नाही, "तालीम झाली की टाकतो" म्हणतो. मी त्याला आज रात्री परत फोन करणार आहे.