तोच 🙂, पण ऑफिसात वेगळा वाचला जातो

वाचकाची प्रतिक्रिया: "लेख पटला नाही. स्माइली टाकली की बोलणं सॉफ्ट होतं, मग मित्र असो की ऑफिसातला माणूस. तुम्ही उगाच बाऊ करताय. तुमचं ऐकलं तर ऑफिसात सगळे नोटीस लिहिल्यासारखं लिहायला लागतील."

नमस्कार, आणि एवढं स्पष्ट लिहिलंत ते बरं केलंत, कारण तोच इमोजी मित्रांमध्ये एक आणि ऑफिसात वेगळा वाचला जातो असं म्हणताना मूळ लेखात मी एक गोष्ट घाईत उरकली होती ती आता नीट सांगते.

आधी माझ्याच हातून घडलेलं सांगते. टीममध्ये एक मुलगी नवीन आली होती, जेमतेम तीन आठवडे झाले असतील. तिने केलेली शीट मी रात्री साडेनऊच्या सुमारास बघितली, वरच्या ओळीत तारीख जुनी राहिली होती, बाकी सगळं छान होतं. मी लिहिलं, "ही शीट एकदा परत बघशील का 🙂". माझ्या डोक्यात त्या स्माइलीचा अर्थ होता की घाई नाही, किरकोळ आहे, उद्या बघ. सकाळी फोन उघडला तर तिचा रात्री एक वाजताचा मेसेज: "मॅडम, सगळ्या ओळी परत तपासल्या, मला चूक सापडत नाहीये, नक्की कुठे आहे सांगाल का, सॉरी." म्हणजे माझ्या एका स्माइलीपायी ती साडेतीन तास जागी होती. मला खरंच खूप वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात माझ्या जुन्या मैत्रिणीला मी लिहिलं होतं, "तू परत उशीर करणार ना 🙂". तिचा लगेच हसत हसत व्हॉइस मेसेज. इमोजी तोच, दोन्हीकडे "परत" हा टोचू शकणारा शब्द पण तोच. मग फरक कुठे पडला?

मला वाटतं तो असा पडतो. मैत्रीण माझा मेसेज वाचते तेव्हा तिच्या कानात माझा आवाज असतो, मी चिडले की कशी लिहिते, चेष्टा करते तेव्हा कशी लिहिते हे तिला वर्षानुवर्षांच्या बोलण्यातून माहीत आहे, त्यामुळे स्माइलीचं काम फक्त एवढंच की त्यातला कुठला आवाज लावायचा ते दाखवणं. नवीन मुलीकडे माझा आवाजच नव्हता. तिच्याकडे होतं माझं पद. आणि वरच्या पदावरून आलेल्या मेसेजमध्ये स्माइली दिसली की वाचणारा असा विचार करतो की हिला हे गोड करून सांगावंसं का वाटलं, म्हणजे आत काहीतरी कडू असणार. तुम्ही म्हणता सॉफ्ट होतं, पण सॉफ्ट करायला लागतंय हीच बातमी त्याच्यापर्यंत आधी पोचते.

हे फक्त माझं मत नाही. 2018 मध्ये ग्लिक्सन, चेशिन आणि व्हॅन क्लीफ या तीन संशोधकांचा एक अभ्यास आला, तीन प्रयोग आणि मिळून 549 लोक. अनोळखी माणसाचा कामाचा मेल वाचून तो माणूस कसा वाटला हे त्यात विचारलं होतं. खरा हसरा चेहरा बघितला की माणूस प्रेमळ वाटतो, पण मेलमधल्या स्माइलीने माणूस जास्त प्रेमळ वाटला नाही आणि कामात मात्र कमी हुशार वाटला, आणि त्यामुळे समोरच्यांनी त्याला माहितीही कमी दिली. मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो हा शेवटचा भाग, कारण लिहिणाऱ्याला हे कळतच नाही, त्याला फक्त त्रोटक उत्तर येतं आणि तो म्हणतो लोक सहकार्य करत नाहीत. प्रसंग किती औपचारिक आहे त्यावर हा परिणाम बदलतो हेही त्यांना दिसलं.

आता तुमचं म्हणणं जिथे बरोबर आहे ते पण लिहिते. हा अभ्यास पहिल्या ओळखीचा आहे. चारपाच जणांची टीम वर्षानुवर्षं एकत्र काम करत असेल तर तिथे एकमेकांचे आवाज तयार झालेले असतात आणि स्माइली जवळपास मित्रांसारखीच चालते. तिथे कोणी इमोजी काढून टाकले तर उलट लोक विचारतील, काय झालं, चिडलास का? म्हणून नोटीस लिहिल्यासारखं लिहा असं मी म्हणतच नाहीये.

खरा घोळ 👍 चा आहे आणि त्यावर मूळ लेखात मी फारच थोडं लिहिलं. मित्रांच्या ग्रुपवर "सात वाजता भेटू" ला 👍 आला की विषय संपला, कोणी नाही आलं तर फार तर शिव्या बसतात. ऑफिसात त्याच अंगठ्याचे तीन अर्थ होतात: वाचलं, मान्य आहे, आणि मी करतो. वरिष्ठाने "हे काम शुक्रवारपर्यंत होईल ना?" विचारलं आणि खालून 👍 आला, तर विचारणारा "करतो" असं वाचतो आणि देणाऱ्याने बऱ्याचदा फक्त "वाचलं" म्हटलेलं असतं. शुक्रवारी दोघंही आपापल्या जागी प्रामाणिक असतात आणि भांडण मात्र होतं.

हे कोर्टापर्यंत गेलेलं आहे. कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात जवसाच्या सौद्याचा करार एकाने फोटो काढून मेसेजवर पाठवला आणि कन्फर्म करा म्हणाला, शेतकऱ्याने 👍 पाठवला. माल आला नाही. शेतकऱ्याचं म्हणणं, मी फक्त करार मिळाला एवढंच कळवलं. 2023 मध्ये कोर्टाने तो अंगठा होकार धरला आणि सुमारे 82 हजार कॅनेडियन डॉलर भरपाई द्यायला लावली. आणि होकार का धरला ते बघा, कारण त्याआधीच्या सौद्यांना त्याच शेतकऱ्याने "ओके", "बरं दिसतंय" एवढंच लिहून माल दिलेला होता. म्हणजे कोर्टानेही त्या दोघांचे आधीचे व्यवहार पाहिले, नुसतं चित्र नाही.

मी आता एक करते, पाठवण्याआधी इमोजी पुसून वाक्य परत वाचते. "ही शीट एकदा परत बघशील का" एवढंच उरलं की लगेच कळतं, काय बघायचं आणि कधीपर्यंत हे त्यात नाहीच, ते सगळं मी स्माइलीच्या भरवशावर सोडलं होतं. "वरच्या ओळीत तारीख जुनी राहिलीये, उद्या सावकाश बदल, बाकी मस्त झालंय" असं लिहिलं की मग पुढे 🙂 टाका नाहीतर नका टाकू, कोणाची झोप जात नाही. मैत्रिणीला लिहिताना मी हे अजिबात करत नाही, तिथे नुसता 🙂 पाठवला तरी तिला कळतं.

आणि बिघडलंय हे ओळखायचं कसं तर उत्तराकडे बघा. नेहमी दोन शब्दात बोलणारा माणूस अचानक लांबलचक खुलासा द्यायला लागला, किंवा ग्रुप सोडून पर्सनलवर येऊन "काही चुकलं का?" विचारायला लागला, तर मागे जाऊन आपलाच मेसेज बघायचा. त्या मुलीच्या उत्तरातला "सॉरी" असाच होता. तिला मी त्या सकाळी चॅटवर न लिहिता फोनच केला, आणि पहिल्यांदा तिने माझा आवाज नीट ऐकला.